मनी शिजे डाळ

आज एकादशीच्या भजनासाठी अभंग लिहायला बसलो. ठरवलं होतं, देवाला आळवायचं नाही, स्वतःचेच कान उपटायचे. मोठ्या अभंगाचा साचा: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक. ऱ्हस्व-दीर्घ सारखंच, जोडाक्षर एकच धरायचं.

'मी पापी, मी अधम' असं सुरुवातीला सुचलं आणि लगेच खोडलं. त्यात गंमत नाही, आणि खरं सांगायचं तर थोडी शेखीच आहे. तुकोबा स्वतःला बोलतात तेव्हा हसू येतं, कारण चोरी नेमकी पकडलेली असते. मग माझी चोरी शोधली. एकादशीला भजन करताना डोक्यात बारशीचं जेवण!

'हातामध्ये टाळ । मनी शिजे वरण' असं आलं. पण वरणाने सात अक्षरं झाली आणि यमकही गेलं. डाळ घातली, दोन्ही जमलं:

मुखी तुझे नाम । हातामध्ये टाळ ।
मनी शिजे डाळ । पंगतीची ॥

मिटले मी डोळे । एक किलकिला ।
पाहतो मजला । कोण कोण ॥

देवा नको हसू । ताट वाढ आधी ।
लावीन समाधी । जेवूनिया ॥

चौथा चरण आखूड असतो ना, टोमणा तिथेच बसतो. तीन चरण गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, मग 'पंगतीची'!

शेजारच्या बेसूर बुवांवरही एक कडवं सुचलं होतं. ते गाळलं. बोलणी आपल्यालाच खायची आहेत. नाममुद्रा अजून घातलेली नाही, 'अमुक म्हणे' लिहायला हात धजत नाही. संध्याकाळी चाल लावून बघतो. घरच्यांनी मात्र आत्ताच विचारलंय, साबुदाणा भिजवू की वऱ्याचे तांदूळ?