झाडांमागची धूळ आणि न निघालेला निष्कर्ष

शुक्रवार, रात्री

आज दुपारी दोघींचा प्रकल्प-अहवाल शेवटचा वाचून सही केली. महिन्यापूर्वी याच दोघी रडकुंडीला येऊन माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. एकीचं म्हणणं होतं, "मॅडम, विषयच बदलू या." दुसरी म्हणाली, "ज्या चार दिवसांत बरोबर आलंय तेवढेच दाखवले तर?" त्या दिवसापासून आजपर्यंत जे झालं ते आठवणीत ताजं आहे तोवर लिहून ठेवते, कारण पुढच्या वर्षी पुन्हा कोणीतरी अशाच कागदांची चळत घेऊन येणार आहे.

त्यांचा प्रश्न साधा आणि चांगला होता. कॉलेजच्या कुंपणालगत दाट झाडांची रांग आहे. तिच्या पलीकडे दिवसभर वाहणारा रस्ता, अलीकडे आमचं अंगण. या रांगेमुळे अंगणात बारीक धूळ, म्हणजे पीएम २.५, कमी पोहोचते का? स्वस्तातले दोन लेझर सेन्सर आणले. एक, ज्याला आम्ही 'अ' म्हणतो, रस्त्याच्या बाजूला भिंतीवर. दुसरा, 'ब', अंगणात. हिवाळ्याच्या सुरुवातीला मोजणी चालू केली. रस्त्यावर जास्त आणि अंगणात कमी येईल, एवढीच अपेक्षा होती.

आलं उलटं. अंगणातला आकडा जवळजवळ सतत रस्त्याच्या वर. झाडं धूळ तयार करतात असं कोणी म्हणणार नाही, त्यामुळे मुली घाबरल्या. मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली: दोन्ही डबे प्रयोगशाळेच्या गच्चीवर एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, तोंडं एकाच दिशेला, आणि तीन दिवस-रात्र काहीही न हलवता नोंदी घ्या. हवा तीच, वेळ तीच. मग जो फरक येईल तो हवेचा नाही, यंत्रांचा.

सरासरी 'अ' ने ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर दाखवले, 'ब' ने ५०. म्हणजे 'ब' मुळातच सव्वापट वाचत होता. हे सेन्सर धूळ तोलत नाहीत. छोटा पंखा हवा आत ओढतो, लेझरच्या झोतातून जाताना कण प्रकाश विखुरतात, आणि त्या विखुरलेल्या प्रकाशावरून वजनाचा अंदाज बांधला जातो. दोन नग एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले असले तरी त्यांचा अंदाज सारखा असेलच असं नाही. भाजीवाल्याच्या तागडीत पासंग असतो तसाच हा प्रकार, आणि पासंग कळला की तो वजा करता येतो.

म्हणून अंगणाचे आकडे सव्वाने भागायचे. दुपारच्या कोरड्या तासांत रस्त्यावर सरासरी ४६ होती, अंगणात ५५. पंचावन्न भागिले सव्वा, चव्वेचाळीस. अंगणात दोनने कमी! दोघींचे चेहरे लगेच फुलले. पण गच्चीवरचे तीन दिवस वेगवेगळे काढून बघा म्हटल्यावर दिसलं की गुणोत्तर पहिल्या दिवशी १.३५ होतं, दुसऱ्या दिवशी १.१५ आणि तिसऱ्या दिवशी १.२५. हवेतल्या कणांचा आकार आणि प्रकार दिवसागणिक बदलतो आणि दोन सेन्सर त्या बदलाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. म्हणजे पासंगसुद्धा स्थिर नव्हता. १.१५ ने भागलं तर अंगणात ४८ येतात, रस्त्यापेक्षा दोन जास्त. १.३५ ने भागलं तर ४१, म्हणजे पाचने कमी. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि शून्य त्यांच्या मधोमध नसलं तरी आतच आहे.

इथे मी त्यांना बराच वेळ थांबवलं, कारण अहवालाचं सगळं मोल इथेच ठरणार होतं. "फरक दिसला नाही" आणि "फरक नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं विधान करायचा त्यांना काहीच अधिकार नाही. पहिलं करायचा आहे, पण ते एकटं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्याच्या शेजारी हेही लिहावं लागतं की केवढा फरक असता तर तो नक्की दिसला असता. त्यांच्या बाबतीत ते सांगता येतं: झाडांच्या रांगेने दुपारी धूळ निम्म्यावर आणली असती, किंवा अगदी पाचवा भाग जरी कमी केली असती, तरी या जोडीच्या नजरेतून ते सुटलं नसतं. दहा टक्क्यांच्या आसपासचा किंवा त्याहून लहान फरक मात्र तिला दिसत नाही. हे वाक्य लिहिलं आणि नापास वाटणारा प्रयोग एका ठिकाणी उभा राहिला. पुढे जो कोणी असा प्रयोग करील त्याला सुरुवातीलाच कळेल की या डब्यांवर किती भार टाकता येतो.

मायकेलसन आणि मोर्ले यांच्या १८८७ च्या निबंधाचं उदाहरण मी वर्गात दर वर्षी देते, ते याच कारणासाठी. प्रकाश वाहून नेणारं माध्यम म्हणून तेव्हा मानलेल्या ईथरमधून पृथ्वी जात असेल तर प्रकाशाच्या पट्ट्या सुमारे ०.४ पट्टा सरकायला हव्यात, असं त्यांचं गणित होतं. त्यांनी लिहिलं की प्रत्यक्ष सरकणं त्याच्या विसाव्या भागाहून खात्रीने कमी आहे. तो "विसावा भाग" लिहिला नसता तर तो निबंध कोणाच्या कामाचा राहिला नसता.

दुसरा गुंता पहाटेचा. आलेखात रोज पहाटे दोन्ही आकडे उसळायचे, आणि अंगणाचा जास्त. मुलींनी सोबत आर्द्रता नोंदवली होती हे फार बरं झालं. या दिवसांत पुण्यात पहाटे आर्द्रता बऱ्याचदा ऐंशीच्या वर जाते, आणि झाडांखाली, ओल्या मातीजवळ, आणखी थोडी जास्त. हवेतले सल्फेट-नायट्रेटचे कण अशा हवेत पाणी शोषून फुगतात. अमोनियम सल्फेट तर साधारण ऐंशी टक्क्यांना विरघळून थेंबच होतो. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सरला वाटतं धूळ वाढली. सरकारी मोजणी केंद्रांवर आत येणारी हवा आधी थोडी तापवून कोरडी करतात ती यासाठीच. आमच्या डब्यात तशी सोय नाही.

सोपा उपाय म्हणजे ऐंशीच्या वरचे सगळे तास गाळून टाकायचे. त्यांनी तेच केलं, आणि वरचे ४६ आणि ५५ हे आकडे त्यातूनच आलेत. पण गाळण्याची किंमत मी त्यांना अहवालात लिहायला लावली. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते, त्यामुळे धूर-धूळ वर न जाता खालीच साचते. म्हणजे खरं प्रदूषणही त्याच तासांत वाढतं. सूर्य वर आला की आर्द्रता उतरते आणि साचलेली हवाही वर मिसळते, दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे नऊच्या सुमारास आकडा घसरतो त्यातलं किती पाण्यामुळे आणि किती हवा मोकळी झाल्यामुळे, हे या नोंदींवरून वेगळं काढता येत नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेच्या 'सफर' या हवा मोजणाऱ्या यंत्रणेचे शहरातले आकडे शेजारी ठेवून पाहिले. तिथेही सकाळची उसळी दिसते, म्हणजे सगळंच पाण्याचं नाही एवढं कळतं. पण ते केंद्र आमच्या कुंपणापासून लांब आहे, त्यावरून वाटा ठरवता येत नाही. अहवालात आता स्पष्ट आहे: झाडांचा परिणाम दिवसातल्या सर्वांत धुळकट तासांत काय होतो, यावर हा प्रयोग काहीच सांगत नाही.

एका गोष्टीचं मला मनापासून कौतुक वाटलं. धाकटीची नोंदवही. हवामान, वेळ, कोण आलं गेलं, सगळं पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात. अंगणाच्या आलेखात एका संध्याकाळी सुळका होता, दीडशेच्या वर गेलेला, आणि रस्त्याच्या आलेखात त्या वेळी काही नाही. वही उघडली तर त्या तारखेला समासात लिहिलेलं: "६.१०, मामांनी पाला पेटवला, धूर डब्याकडे." एका ओळीने सुळक्याचं कारण मिळालं, आणि तो तास गाळण्याचं कारणही. सुळका नुसता पुसून टाकला असता तर ते आकड्यांशी खेळणं झालं असतं. आता तो आलेखात तसाच आहे, त्यावर बाण आहे आणि खाली वहीतली ती ओळ आहे. त्या ओळीमुळे आणखी एक गोष्ट कळते: डबा चालू होता, पंखा हवा ओढत होता आणि धूर आला की आकडा हलत होता. सेन्सर मेलेला नव्हता, याचा त्यांच्याकडे असलेला सर्वांत चांगला पुरावा तोच.

"बरोबर आलेले" चार दिवस मी एका पानावर बाकीच्या दिवसांसोबतच छापायला लावले. ते का वेगळे, हेही शोधलं. त्या दिवसांत वारा थेट रस्त्याकडून येत होता असं वहीत आहे, पण चारच दिवस आहेत आणि वाऱ्याची दिशा झेंड्याकडे बघून लिहिली आहे. म्हणून ते निष्कर्षात नाही, "पुढे तपासावे" या भागात आहे.

शीर्षकही बदललं. आधी "वृक्षरांगेमुळे होणारी धुळीतील घट" असं होतं, म्हणजे उत्तर आधीच गृहीत धरलेलं. आता "दोन स्वस्त सेन्सरांनी वृक्षरांगेचा परिणाम मोजण्याच्या मर्यादा" असं आहे.

शेवटच्या पानावर पुढच्या तुकडीसाठी कृती लिहिली आहे. मोजणीच्या आधी तीन दिवस आणि नंतर तीन दिवस दोन्ही डबे शेजारी ठेवायचे, म्हणजे मधल्या काळात पासंग सरकला का ते कळेल. आणि दर आठवड्याला डब्यांची जागा आपसात बदलायची. एका आठवड्यात 'ब' अंगणात असताना त्याचा जास्त वाचण्याचा दोष अंगणाच्या पदरात पडतो, दुसऱ्या आठवड्यात रस्त्याच्या. दोन्ही आठवडे मिळून तो बराचसा छाटला जातो, जागेमुळे होणारा फरक मात्र टिकतो. हवेचा प्रकारच बदलला तर थोडा उरेल, म्हणून आठवडे जितके जास्त तितकं बरं.

मोठीने विचारलं, "बाहेरचे परीक्षक विचारतील, निष्कर्ष काय, तर?" मी म्हटलं, "दुपारी पाचव्या भागाची घट नाही, त्याहून लहान असेल तर सांगता येत नाही, पहाटेचं माहीत नाही. एवढंच आणि याच क्रमाने सांग." तिने ते वहीत लिहून घेतलं. कच्च्या नोंदींची फाइल, गाळलेल्या तासांची यादी आणि ती पेन्सिलीची वही विभागाच्या कपाटात ठेवायला सोमवारी दोघी येणार आहेत.