अंदाजवही: बरणी, फोटो आणि चौकटीचं टेबलक्लॉथ

सोमवार, रात्री

गेल्या खेपेला सुपारीच्या ढिगाचा अंदाज सपशेल फसला, त्यानंतर वही बंदच होती. ती आज भाचीमुळे उघडली. सई सातवीत आहे, फोंड्यात आमच्याच घराच्या मागे राहते. नाताळच्या सुट्टीआधी तिच्या शाळेत फेअर आहे, आणि त्यात जेली बीन्सच्या बरणीचा खेळ. बरणी शाळेतच कपाटात बंद, मुलांना तिचा फक्त छापील फोटो मिळालाय. शनिवारी आकडा लिहून द्यायचा, जवळच्या आकड्याला अख्खी बरणी.

"मामा, तू ढीग मोजतोस ना? मग हे सांग." एवढं बोलून तिने फोटो माझ्या ताटाशेजारी ठेवला.

मी सांगितलं नाही. आधी तुझा आकडा काढ, म्हटलं. तिने समोर दिसणाऱ्या गोळ्या आडव्या मोजल्या, उभ्या मोजल्या, गुणल्या, खोलीसाठी पुन्हा गुणलं आणि मग स्वतःच खोडलं. कारण गोळ्या रांगेत नव्हत्याच. काही आडव्या, काही उभ्या, काहींचं नुसतं टोक दिसत होतं. रांग कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हेच ठरेना. हे तिला अर्ध्या तासात कळलं. मला सुपारीच्या वेळी तीन दिवस लागले होते.

मंगळवार

पणजीहून येताना अर्धा किलो जेली बीन्स आणल्या, फोटोत आहेत तशाच. सईने वहिनीची शिवणाची टेप घेतली. लांबी मोजायची की जाडी, यावर थोडा वाद झाला. लांबीचा उपयोग नाही. तिरकी पडलेली गोळी फोटोत आखूड दिसते आणि किती तिरकी आहे ते कळायला मार्ग नाही. जाडीचं तसं नाही. गोळी कशीही पडली तरी तिची अरुंद बाजू साधारण तेवढीच दिसते. दहा गोळ्या अंगाला अंग लावून ठेवल्या, १२ सेंटिमीटर भरल्या. म्हणजे एकीची जाडी १.२.

मग फोटो संगणकावर घेतला. बरणीच्या मध्यभागी, अगदी काचेला चिकटलेल्या दहा गोळ्या निवडल्या. जाडीची सरासरी ६० पिक्सेल आली. म्हणजे एका सेंटिमीटरला ५० पिक्सेल. गोळ्यांचा थर तळापासून वरपर्यंत ९०० पिक्सेल, म्हणजे १८ सेंटिमीटर. बरणीच्या बुडाची जाड काच यात धरायची नाही. ती सईने आधी धरली होती.

रुंदीला मात्र गंमत आहे. बरणीच्या दोन्ही कडांना गोळ्या संपून एक चकचकीत उभी पट्टी दिसते. ती काच. लोणच्याच्या बरणीत तेल काचेला भिडलेलं असतं, त्यामुळे लोणचं फुगून कडेपर्यंत पोचल्यासारखं दिसतं. इथे गोळ्या आणि काच यांच्यामध्ये हवा आहे, त्यामुळे तसं होत नाही. पट्टी वगळून मोजायचं. रुंदी ५०७ पिक्सेल, म्हणजे १०.१ सेंटिमीटर. बरणी सरळ भिंतींची आहे हे आमचं नशीब. खांदे उतरते असते तर आणखी एक संध्याकाळ गेली असती.

हिशेब: १४५० मिलिलिटरच्या आसपास.

बुधवार

आता एका लिटरमध्ये गोळ्या किती, हा प्रश्न. पुस्तकी आकडा असा: एकसारखे गोल चेंडू कसेही ओतले तर भांड्याची साधारण ६० ते ६४ टक्के जागा भरते, बाकी हवा. लांबट गोळ्या थोड्या जास्त दाटीने बसतात. पण गोळ्या हाताशी असताना पुस्तकाकडे कशाला जायचं? आजीचं अर्ध्या लिटरचं दुधाचं माप काढलं. सईने गोळ्या ओतल्या, हात फिरवून वरच्या सपाट केल्या आणि मोजल्या: २०४. म्हणजे लिटरला ४०८.

मग मी तिला २०० मिलिलिटरच्या पेल्याने तेच करायला लावलं. ७९ बसल्या, लिटरला ३९५. ती वैतागली, पुन्हा मोजल्या, पुन्हा ७९. "भांडं बदललं की गोळ्या बदलतात?"

गोळ्या तशाच राहतात, भिंतीजवळची जागा बदलते. भिंतीला लागून गोळ्या नीट बसत नाहीत, तिथे पोकळी जास्त राहते. भांडं जितकं अरुंद, तितका या पोकळीचा वाटा मोठा. पेल्याचा व्यास ६.५, मापाचा ८.५. आमची बरणी याहून रुंद, म्हणजे तिच्यात लिटरमागे गोळ्या ४०८पेक्षा थोड्या जास्तच बसणार. कागदावर एकाला व्यासाने भागलेला आकडा आडवा आणि लिटरमागच्या गोळ्या उभ्या मांडल्या, दोन ठिपक्यांतून रेघ ओढून पुढे नेली. १२ सेंटिमीटरच्या बरणीला ४२०. (१२ हा आकडा नंतर भरला, का ते उद्याच्या नोंदीत. १०.१ धरला तरी फरक मोठा नाही.) दोन ठिपक्यांवरची रेघ म्हणजे धाडसच, हे मान्य. पण तिसऱ्या, मोठ्या भांड्यापुरत्या गोळ्या नव्हत्या. अर्ध्या किलोतल्या काही धाकट्याने संपवल्याही होत्या.

तूर्त मापाचाच ४०८ धरून गुणलं तर सुमारे ५९०. सईने तो आकडा पेनाने लिहिला. मी म्हटलं, अजून पेन्सिल घे.

गुरुवार

आजची नोंद मोठी आहे, कारण या खेळातली खरी गोम इथे आहे.

आपण मोजपट्टी म्हणून गोळी वापरली. ती गोळी बरणीच्या पुढच्या भिंतीला चिकटलेली, म्हणजे कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळची. बरणीच्या डाव्या-उजव्या कडा तिच्याहून मागे. जवळच्या मोठ्या दिसणाऱ्या पट्टीने लांबची लहान दिसणारी रुंदी मोजली, तर रुंदी कमीच भरणार. शिवाय गोल वस्तूला जवळून पाहिलं की तिचा पूर्ण व्यास दिसतच नाही, नजर त्याच्या अलीकडेच कडेला घासून निघून जाते.

सईला हे पटेना. मग डाळीचा १२ सेंटिमीटर व्यासाचा डबा घेतला, त्याच्या पुढच्या बाजूला कागदी पट्टी आडवी चिकटवली आणि ३० सेंटिमीटरवरून मोबाइलने फोटो काढला. पट्टीच्या मापाने डबा १०.२ सेंटिमीटर रुंद! मागे जाऊन एक मीटरवरून काढला तेव्हा ११.३. सई बराच वेळ डबा फिरवून बघत बसली. आजीने डाळ मागितली तेव्हा कुठे उठली.

भूमितीने सूत्र निघतं ते फार सुबक आहे. रुंदी किती कमी दिसते? पुढच्या भिंतीचं अंतर भागिले मागच्या भिंतीचं अंतर, याचं वर्गमूळ. घनफळात रुंदीचा वर्ग येतो, त्यामुळे वर्गमूळ उडतं. तेव्हा आपल्या घनफळाला मागचं अंतर भागिले पुढचं अंतर याने गुणायचं, झालं. डब्याला ताळा: पुढची भिंत ३०वर, मागची ४२वर, गुणोत्तर १.४. वर्गमूळ १.१८, आणि १२ला १.१८ने भागलं तर १०.१. जमलं.

पण शाळेचा फोटो किती अंतरावरून काढला, ते कोणाला माहीत? मी टीचरना विचारायला सांगणार होतो. सई म्हणाली, नको, कापड आहे ना.

फोटोत बरणीखाली निळ्या-पांढऱ्या चौकटीचं टेबलक्लॉथ आहे. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, वहीत तिच्या नावावर लिहून ठेवतो. सगळ्या चौकटी खऱ्या तर एकाच मापाच्या. फोटोत जवळची मोठी, लांबची लहान, आणि ती जितक्या पटीने लहान तितक्याच पटीने लांब. बरणीच्या पुढच्या कडेशी असलेल्या रांगेतली चौकट १५० पिक्सेल रुंद. बरणीच्या बुडाखाली रुंदीत चार चौकटी बसतात, बरणी गोल, म्हणजे खोलीतही चार. बाजूने चार रांगा मागे मोजत गेलं, तिथली चौकट १०७. भागाकार १.४. अंतर कळण्याची गरजच उरली नाही.

(कॅमेरा फार खाली झुकवून काढला असेल तर हे बिघडतं. बरणीच्या कडा वर फाकलेल्या दिसल्या तर तसं समजावं. आमच्या फोटोत कडा सरळ होत्या.)

१४५० ला १.४ने गुणून २०३० मिलिलिटर. व्यास १०.१ नव्हे, १२. लिटरला ४२० धरून ८५३. पेन्सिलीनेच लिहिला.

शनिवार, फेअरहून आल्यावर

बरणीच्या टेबलाशी एक वही उघडी ठेवली होती, प्रत्येकाने नाव आणि आकडा लिहायचा. ही पद्धत मला आवडली नाही. आधीचे आकडे दिसतात, मग माणूस त्यांच्याच आसपास लिहितो. बहुतेक आकडे ४०० ते ६०० मध्ये होते. अर्थतज्ज्ञ जॅक ट्रेनर यांनी १९८७ मध्ये छापलेल्या प्रयोगात बरणीत ८५० बीन्स होत्या, ५६ जणांच्या अंदाजाची सरासरी ८७१ आली होती. इथल्या वहीची सरासरी मी मनातल्या मनात काढली, ती कुठेच पोचत नव्हती.

टेबलावरच्या मावशींनी विचारलं, "कितले बरयले गो तुवें?" सईने ८५३ लिहिलं. मावशींनी एकदा बरणीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि बहुधा सहानुभूतीने तिला खाजं दिलं.

खरा आकडा निघाला ८९७. बरणी पहिलीतल्या एका मुलाने नेली. त्याने ९०० लिहिलं होतं, कारण त्याला शंभरापुढे शून्यवालेच आकडे लिहिता येतात, असं त्याची आई सांगत होती. सई दुसरी. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. वाटेत कदंब बसच्या खिडकीबाहेर बघत होती. घरी येऊन चप्पल काढायच्या आत म्हणाली, "मामा, चव्वेचाळीस कुठे गेल्या?"

रविवार

टीचरना फोनवर विचारलं. गोळ्या बरणीत मावत नव्हत्या म्हणून त्यांनी बरणी टेबलावर आपटून आपटून भरली होती, फोटो त्यानंतरचा. आम्ही मापात गोळ्या हलकेच ओतल्या होत्या.

आज सईने पुन्हा माप भरलं. धाकट्याच्या वाटच्या गोळ्याही परत आणवल्या, त्यावरून रडारड झाली. या खेपेला दर मुठीनंतर माप ओट्यावर वीस वेळा ठोकलं. गोळ्या खाली बसत गेल्या, वर जागा होत गेली. शेवटी २१२ मावल्या, आधी २०४ होत्या. ८५३ला २१२ने गुणून २०४ने भागलं: ८८६.

बरणी ओतून भरलीय की ठोकून, हे फोटोवरून ओळखायची खूण अजून मला सापडलेली नाही. सईचं म्हणणं, ठोकलेल्या बरणीत वरचा थर सपाट बसत असेल, ओतलेल्यात मध्ये उंचवटा राहत असेल. पुढच्या रविवारी दोन्ही प्रकारे भरून फोटो काढणार आहोत. गोळ्या परवडत नाहीत, म्हणून वाल वापरू.