आमची वाटचाल: कप्पे, गव्हाणी आणि शेपट्या

बेळगावच्या उद्यमबागेतल्या छोट्या शेडमध्ये आम्ही जनावरांच्या गोठ्यांचं लोखंडी काम करतो. म्हशींच्या दावणी, शेळ्यांचे माचे, आणि आता मुख्यतः डुकरांचे कप्पे. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी या भागात आमचे कप्पे आहेत. बरी गेलेली वर्षं इथे लिहीत नाही. लिहायचं आहे ते 'यांच्या कप्प्यांत डुकरं एकमेकांच्या शेपट्या खातात' असं जे आमच्या नावावर चिकटलं त्याबद्दल. ऑर्डरी परत गेल्या, उधारी अडकली, वेल्डिंगची दोन माणसं कमी करावी लागली. दोष कप्प्याचा नव्हता, पण तो कप्पा कसा वापरायचा हे आम्ही नीट सांगितलं नव्हतं, एवढं आमचंही चुकलं.

ज्या शेडवरून हे सगळं झालं तिथले कप्पे १० फूट बाय १२ फुटांचे. बारा फुटांच्या बाजूला, बोळाकडे तोंड करून, जाळीबाहेर गव्हाण. मागच्या बाजूला साडेतीन फुटांची शेणपट्टी, तिला नालीकडे उतार आणि पाण्याचे निपल तिथेच. हिशोब डोक्यात पक्का होता: १२ डुकरं, प्रत्येकी १० चौरस फूट जागा, प्रत्येकी १ फूट गव्हाण. मालकाने त्यात १८ सोडली.

ते सोडताना चूक वाटत नाही, हीच यातली अडचण आहे. वीस किलोचं पिल्लू १२० चौरस फुटांत हरवून जातं, कप्पा रिकामा दिसतो आणि पैसे वाया चालले असं वाटतं. तेव्हा डुकरामागे ६.७ चौरस फूट म्हणजे चैन असते. पण तीच जागा ९० किलोला तेवढीच राहते. युरोपीय संघाच्या नियमात ८५ ते ११० किलोच्या डुकराला कमीत कमी ०.६५ चौरस मीटर, म्हणजे ७ चौरस फूट लागतात, आणि तो थंड हवेच्या मुलखातला किमान आकडा आहे. डुकराला माणसासारखा घाम येत नाही. एप्रिलच्या उकाड्यात ते पाय पसरून आडवं पडतं आणि गार फरशीला अंग लावतं. नव्वद किलोचं डुक्कर असं सपाट पसरलं की त्याला ९ ते १० चौरस फूट लागतात. थंडीत तेच छातीवर बसून दुसऱ्याला चिकटतं आणि निम्म्याहून कमी जागेत भागतं. म्हणून कप्पा मोजायचा तो विकायच्या वजनाला आणि उन्हाळ्याच्या दुपारी. पिल्लं आणायच्या दिवशी नव्हे.

पहिले अडीच-तीन महिने त्या शेडमध्ये काही झालं नाही. साठ किलोच्या पुढे गेल्यावर आधी शेणपट्टी मोडली. झोपायला जागा उरली नाही तशी डुकरं शेणात, निपलखालच्या ओलीत जाऊन पडू लागली, आणि जिथे झोपायचं तिथे शेण पडू लागलं. अमोनियाचा वास डोळ्यांत चुरचुरायला लागला. वाट काढणाऱ्या प्रत्येकाला झोपलेल्यांच्या अंगावरून जावं लागे. गव्हाणीवर तर उघड भांडण. बाराच तोंडं मावतात, सहा मागे उभी. मागे उभ्या असलेल्या उपाशी डुकराच्या नाकासमोर काय असतं? पुढच्याची शेपटी. ते तिला ओढतं, पुढचं सरकतं, याला जागा मिळते. एकदा ही युक्ती फळली की ते रोज तेच करतं.

गर्दी हे अर्धं कारण, दुसरं रिकामपण. डुकराचं नाक उकरण्यासाठी बनलंय. एडिंबरामध्ये फार्मवरचीच डुकरं झाडीच्या मोकळ्या आवारात सोडून निरीक्षण केलं, तेव्हा दिवसाच्या उजेडातला जवळजवळ अर्धा वेळ ती उकरण्यात आणि चरण्यात घालवत होती. आपल्या कप्प्यात खाद्य तासा-दोन तासांत संपतं. उरलेला दिवस ते नाक आणि ते दात सिमेंटवर काय करणार? कप्प्यात हलणारी, मऊ, चावता येणारी एकच वस्तू असते, सोबत्याची शेपटी. सुरुवातीला ते नुसतं तोंडात धरून चघळतं, आणि ज्याची शेपटी तेही फारसं हलत नाही. मग कधीतरी दात लागून कातडी फुटते. रक्ताची चव लागली की हे एका डुकराचं राहत नाही, एक-दोन दिवसांत सगळा कप्पा त्याच शेपटीमागे लागतो.

त्या कप्प्यात पाच शेपट्या बुडापासून गेल्या. दोन डुकरं मागच्या पायांनी बसली, कारण शेपटीच्या जखमेतला संसर्ग मणक्याच्या बाजूने वर सरकतो आणि आत गळू धरतो. वरून बऱ्या दिसणाऱ्या एका जनावरात गोव्याच्या खाटकाला कापल्यावर कण्यालगत पू सापडला. मालाचा भाव पडला आणि बोट आमच्या जाळीकडे गेलं. त्याच काळात आमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या एकाने त्या शेपट्यांचे फोटो गावोगाव दाखवले. स्वतःचे कप्पे विकताना तो सांगत होता, 'वीस सोडा, पिल्लांच्या शेपट्या आधीच छाटा, काही होत नाही.' त्याचा राग अजून गेलेला नाही. छाटल्याने शेपटी चावणं कमी होतं हे खरं आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण शून्य होत नाही, आणि गर्दी व रिकामपण तसंच राहिल्याने तोंड कानांकडे आणि कुशीकडे वळतं. युरोपीय संघात सरसकट शेपटी छाटायला मनाई आहे, आधी जागा आणि उकरण्याची सोय सुधारा असाच तिथला नियम आहे. स्वीडनमध्ये तर डुकरं पूर्ण शेपटीनिशी वाढवतात.

त्या वर्षी आमच्याबरोबर उभे राहिले ते खानापूरकडचे एक काका, आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांच्या शेडमध्ये तेच १० बाय १२ चे कप्पे, तीच जाळी, पण डुकरं ११. शेपट्या सगळ्यांच्या वळलेल्या. काका भातवाले, घरी पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची गंजी. रोज मूठ-मूठ पिंजर कप्प्यात टाकायची त्यांची सवय होती आणि त्यामागे शास्त्र असेल असं त्यांना वाटलंही नव्हतं. लोकांना आम्ही तो कप्पा दाखवत गेलो. आमचं पिंजराचं रॅक तिथेच तयार झालं.

रॅकबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बघून बनवणारे नेमकं चुकवतात. उभ्या गजांमधली फट दीड ते दोन इंच ठेवायची. त्याहून मोठी केली की दिवसाचं पिंजर तासाभरात खाली येतं, लहान केली की डुकराला ओढता येत नाही आणि ते नाद सोडतं. खाली पडलेलं पिंजर उकरता आलं पाहिजे, कारण डुकराला खालीच नाक घालायचं असतं. म्हणून रॅकखाली पक्की फरशी आणि नालीच्या बाजूला चार इंचांचा कट्टा, नाहीतर पिंजर नालीत जाऊन ती तुंबते आणि मालक तिसऱ्या दिवशी रॅक बंद करतो. वेल्डिंगची टोकं घासून गोल करायची. नुसता रंग मुतात टिकत नाही, गॅल्वनाइज करूनच घ्यावं. रोज डुकरामागे १०० ते १५० ग्रॅम पिंजर पुरतं, ११ डुकरांना पावणेदोन किलोच्या आत. पण ते सकाळ-संध्याकाळ दोनदा द्यावं. एकदम टाकलेलं पिंजर शेणाने माखलं की कोणी नाक लावत नाही.

पिंजर नसेल तर उसाचं वाडं, कडब्याचे तुकडे, गोणपाटाच्या पट्ट्या, सुती कासरा. वस्तू चावता, तोडता, शक्यतो खाता आली पाहिजे, आणि तिला काही वास असावा. नायलॉनची दोरी नको, धागे पोटात जातात. टायर नको, आतल्या तारा उघड्या पडतात. नुसती लटकती साखळी चार-सहा दिवसांत जुनी होते. लावायचीच तर टोक जमिनीवर लोळेल इतकी लांब, आणि तिला दोन-तीन आखूड साखळ्या जोडून, म्हणजे एका वेळी दोघांना खेळता येतं. कासरा डुकराच्या नाकाच्या उंचीला बांधायचा आणि जनावर वाढेल तसा वर घ्यायचा. अकरांना अशा तीन जागा तरी हव्यात. एकच ठेवली तर तिच्यावरूनच भांडण होतं.

पावसाळ्यात मात्र सांभाळून. बुरशी आलेलं पिंजर अजिबात देऊ नये. त्या विषाने माद्यांचं योनिद्वार सुजतं, खाणं घटतं, आणि अस्वस्थ कळपातच चावाचावी लवकर सुरू होते. गंजी झाकायला ताडपत्री नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये गोणपाट आणि कासऱ्यावर भागवावं.

हे सगळं असूनही कधी चावाचावी होतेच: पंखा बंद पडतो, निपल चोंदतं, हॉटेलच्या उरलेल्या अन्नात अचानक मीठ बदलतं. तिची चाहूल रक्ताच्या आधी काही दिवस लागते. खाद्य टाकल्यावर बोळात उभं न राहता मागच्या बाजूने जा आणि फक्त शेपट्या बघा. वळलेली शेपटी ठीक. अकरांतल्या दोन-तीन खाली लोंबताहेत किंवा मागच्या पायांत दाबलेल्या आहेत, टोकाचे केस गेलेत, तर त्याच दिवशी निपलखाली माप धरा. वाढत्या डुकराला मिनिटाला सुमारे एक लिटर पाणी यावं. हवा तपासा, आणि पिंजर दुप्पट करा. रक्त दिसलं तर अर्धा तास कप्प्यासमोर गप्प बसा. चावणारं बहुतेक वेळा एकच सापडतं, आणि कितीदा तरी ते कळपातलं बारीक असतं. ते बाहेर काढा. जखमीला वेगळ्या कोरड्या कप्प्यात घेऊन डॉक्टरांना बोलवा. शेपटीला डांबर किंवा कडू औषध फासून कप्पा तसाच ठेवला तर चार दिवसांत पुन्हा तेच. बाहेर काढलेल्याला आठवड्यानंतर परत सोडलं की मारामारी होते, त्यापेक्षा त्याला वेगळंच वाढवून विकावं.

आता आमच्या प्रत्येक फाटकावर रिव्हेट मारलेली पत्र्याची पाटी असते: '१० बाय १२, विक्रीच्या वजनाला ११ डुकरं.' मूळ नकाशातल्या बाराचे अकरा आम्हीच केले, उन्हाळ्यात शेणपट्टी मोकळी राहावी म्हणून. बिलावरही तो आकडा लिहून मालकाची सही घेतो. काही जण म्हणतात, बारावं सोडलं तर काय बिघडतं? नोव्हेंबरमध्ये काही नाही. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता येऊन शेणपट्टीवर कोण झोपलंय ते बघा म्हणतो.