पुरी अपडेट: चौथ्या घाण्याचं कोडं सुटलं, आणि ते कणकेत नव्हतं

तर मंडळी, चौथ्या घाण्याची भानगड अखेर सापडली. मागच्या वेळी लिहिलं होतं ना, पहिल्या घाण्याच्या पुऱ्या टम्म, दुसऱ्याच्या बऱ्या, तिसऱ्यापासून एका बाजूला फुगा आणि दुसरी बाजू पापडीसारखी, आणि चौथ्याच्या तर सरळ चपट्या, खाली टिश्यूवर तेलाचा डाग. कणीक तीच, लाटणारा हात तोच, गॅसची कळ हललेली नाही. आता आखाजी तोंडावर आहे, आमरसाबरोबर वीसेक माणसांच्या पुऱ्या माझ्याकडे आहेत, त्यामुळे हे सुटणं फार गरजेचं होतं.

कणकेचं माप मागचंच ठेवलंय, त्याला हात लावलेला नाही. लोकवन गव्हाचं पीठ, मूठभर बारीक रवा, एक चमचा मोहन, मीठ, आणि पाणी इतकं की गोळा बोटाने दाबला तर खळगा पडतो पण चिकटत नाही. पोळपाटाला तेलाचं बोट, कोरडं पीठ अजिबात नाही कारण ते कढईत उतरून करपतं आणि तेल काळं पडतं.

पहिला संशय सुकण्यावर होता. उन्हाळ्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला असतो आणि हवा एकदम कोरडी, पंख्याखाली लाटून ठेवलेली पुरी चार-पाच मिनिटात वरून कातडी धरते. मग ती तेलात गेली की त्या कातडीला बारीक तडे जातात आणि वाफ तिथून निघून जाते. चौथ्या घाण्याची पुरी सगळ्यात जास्त वेळ ताटात पडून असते, म्हणजे संशय घ्यायला जागा होती. म्हणून सगळ्या पुऱ्या ओल्या फडक्याखाली झाकल्या आणि तळायचा क्रम उलटा केला, म्हणजे शेवटी लाटलेली आधी, पहिली लाटलेली शेवटी. तरी रडली ती चौथ्या घाण्यातलीच. मग अजून एक केलं, चौथ्या घाण्याच्या वेळी अगदी त्याच क्षणी लाटलेली ताजी पुरी सोडली. तीही चपटी. म्हणजे फडकं हवंच, ते मी आता कायम ठेवणार, पण मूळ दुखणं तिथे नाही.

मग तेल मोजायचं ठरलं. इथे हत्याराबद्दल दोन शब्द, कारण बऱ्याच जणांनी लेझरवाली गन घेतलीय. ती फक्त वरचा थर वाचते, आणि तेल ढवळलेलं नसेल तर वरचा थर आणि मधलं तेल यात चांगलाच फरक असतो, शिवाय चकचकीत स्टीलच्या कढईवर रोखली तर आकडा भलताच कमी दाखवते. मी ऑनलाईन मागवलेली गन आता फक्त तव्यासाठी वापरतो. तेलासाठी गोलाणी मार्केटमधून आणलेला साधा मल्टीमीटर आणि त्याची के-टाईप वायर, हे सगळ्यात बेस्ट निघालं. टोक बारीक असल्यामुळे आकडा पटकन बदलतो, आणि आपल्याला हवंय तेच, पुरी पडल्यावर तेल किती उतरतं ते दिसायला हवं. जाड सळईवाला थर्मामीटर तोपर्यंत जुनाच आकडा धरून बसतो. वायर आधी उकळत्या पाण्यात तपासून घ्या, आपल्याकडे 99 च्या आसपास दाखवायला पाहिजे. आणि टोक कढईच्या बुडाला टेकू देऊ नका, नाहीतर तुम्ही तेल नाही, लोखंड मोजताय.

आता आकडे. कढईत 700 मिली तेल, मध्यम आच, एका वेळी दोन पुऱ्या. पहिला घाणा 188 ला सोडला, दुसरा सोडताना 179, तिसरा 170, चौथा 162. बस्स, इथेच सगळं आलं! प्रत्येक घाण्याला आठ-नऊ अंशांची तूट, आणि आपण लाटण्याच्या नादात पुढची जोडी लगेच सोडतो, त्यामुळे तूट साचत जाते. ज्योत तीच दिसते म्हणून तेल तेच आहे असं वाटतं, आणि डोळ्याला 188 आणि 162 चं तेल सारखंच दिसतं.

एवढं का उतरतं याचा हिशोब मांडला तेव्हा फार समाधान वाटलं. कच्ची पुरी साधारण 22 ग्रॅमची, त्यातलं चारेक ग्रॅम पाणी वाफ होऊन जातं असं धरलं, तर एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला जवळजवळ 2.26 किलोज्यूल लागतात, म्हणजे नुसत्या वाफेला 9 आणि पुरी तापायला साडेतीन, असे मिळून साडेबारा. 700 मिली तेल एक अंश उतरलं तर ते देतं दीडच्या आसपास. म्हणजे गॅस बंद धरला तर एक पुरी आठ-नऊ अंश खाते, दोन पुऱ्या सतरा. मध्यम आच तेवढ्या वेळात त्यातलं निम्मं परत भरते, उरलेलं निम्मं तुटीत जातं. मल्टीमीटरवरची तूट आणि कागदावरची तूट जुळली.

लग्नातल्या आचाऱ्याच्या पुऱ्या का फुगतात हेही यातूनच कळलं. 15 लिटरच्या कढईत दहा पुऱ्या एकदम सोडल्या तरी तेल चार-पाच अंशच उतरतं. भुसावळच्या एका आचारी काकांना विचारलं तर ते म्हणाले, "भाऊ, मी आचेकडे पाहतच नाही, कढईत किती पुऱ्या पोहतायत ते पाहतो." घरच्या कढईला हाच नियम जास्त कडक लागतो.

बरं, 162 ला नक्की बिघडतं काय? पुरी फुगते ती आतल्या वाफेने, आणि वाफ आत थांबायला दोन्ही बाजूंचा थर लवकर घट्ट व्हावा लागतो. 180-190 ला पुरी बुडते, दोन-तीन सेकंदात वर येते, कडेने बारीक बुडबुड्यांची घाई दिसते, झाऱ्याने हलकं दाबून वरून तेल उडवलं की एका कडेला फुगा धरतो आणि पळत दुसऱ्या कडेला जातो. 162 ला बुडबुडे मोठे आणि आळशी, थर घट्ट व्हायच्या आत वाफ हळूहळू झिरपून जाते, पुरीला रंग यायला वेळ लागतो म्हणून आपण ती जास्त वेळ ठेवतो, आणि तोवर कड वातड होते. उलट 205 च्या पुढे गेलं तर वर लगेच तांबूस फोड येतात, पुरी फुगलेली दिसते पण मध्ये कच्ची राहते आणि ताटात येईपर्यंत बसते.

तेल पिण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो, कारण कढईतच सगळं तेल मुरतं असा समज आहे. तळताना वाफ बाहेर जोर करत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारशी जागा नसते. बरंचसं तेल शिरतं ते पुरी बाहेर काढल्यावर, आतली वाफ थंड होऊन पाणी होते, दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून पुरी काढताना झारा कढईच्या काठावर तिरपा धरून निथळायचा, आणि पुऱ्या एकावर एक न रचता चाळणीत कडेवर उभ्या ठेवायच्या. गरम तेल पातळ असतं, ते लगेच गळतं. चपटी पुरी अजून मार खाते, कारण तिच्यावर खळगे असतात आणि त्यात तेल साचून बसतं. तेलाचा खप मी कढई तेलासकट गार असताना काट्यावर ठेवून, तळणीआधी आणि नंतर, असा काढतो. 188 धरून तळलेल्या घाण्यांचा खप उतरत्या तेलापेक्षा चांगलाच कमी आला, आणि टिश्यूवर तर डाग जेमतेम.

उपाय मग सोपा झाला. 188 ला सोडायचं, आकडा 175 च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि घाणा काढल्यावर आच मोठी करून पंधरा सेकंद थांबायचं, मग मध्यम करून पुढची जोडी. असं केल्यावर चौथा घाणा पहिल्यासारखा टम्म आला, मग पुढचेही, मी शेवटची पुरी नुसती बघत बसलो, काय सुंदर फुगली होती. मीटर नसेल तर वाटाण्याएवढी कणीक टाका, पण दर घाण्याआधी टाका, फक्त सुरुवातीला नाही. 188 ला ती लगेच बुडबुड्यांसकट वर येते, 160 ला तळाशी रेंगाळते.

तेलाबद्दल माझं मत पक्कं झालंय. आपल्या लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल भाजीला, खिचडीवर, मिरचीच्या ठेच्यात मला सगळ्यात प्रिय, पण पुरीला नको, माझ्याकडच्या तेलाने 180 च्या आधीच धूर धरला आणि फेसही आला. पुरीला रिफाइंड शेंगदाणा, त्याला बरीच मोकळीक असते.

पुढचा बेत होता तेल 700 वरून दीड लिटर करायचा, म्हणजे तूट निम्मी. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की वरच्या हिशोबात कढईच धरलेली नाही. माझी सध्याची अॅल्युमिनियमची कढई अर्धा किलोची, पण आजीची लोखंडी कढई माळ्यावर आहे, ती अडीच किलोच्या आसपास भरेल, आणि तेवढं लोखंड साधारण अर्धा लिटर तेलाइतकी उष्णता धरून ठेवतं. म्हणजे तेल न वाढवता तूट बरीच कमी व्हायला पाहिजे! एकच भीती आहे, जड लोखंड आच कमी केली तरी तापतच राहतं, म्हणजे 188 वरून 205 ला जायचा धोका, तेव्हा आच थोडी आधी, 180 लाच कमी करावी लागेल. दीड लिटरचा बेत रद्द, आधी कढई माळ्यावरून उतरवतो, घासून तेल लावून गरम करतो आणि तेच 700 मिली घालून तोच चार घाण्यांचा प्रयोग करतो.

कोणाकडे बिडाच्या कढईचे किंवा इंडक्शनवरचे आकडे असतील तर जरूर द्या, पण तेल किती, कढईचं वजन किती आणि एका वेळी किती पुऱ्या हे सोबत लिहा, नुसतं तापमान सांगून काही जुळवता येत नाही.