बारा दाणे आणि एक वाटी

"पुढ्यात वही नाही, फळा नाही, ऐकणाऱ्या कित्येक बायकांना लिहिता-वाचता येत नाही; मग कर्जावरच्या व्याजाचा हिशेब तुम्ही रेडिओवरून नुसता कानाने कसा समजावता?"

पहिल्या वेळी मला तो समजावता आला नव्हता. आमचे केंद्र सामुदायिक रेडिओचे आहे; अशा केंद्रांना शंभर वॉटच्या आसपासच्या प्रक्षेपणाची परवानगी असते आणि आवाज फार तर दहा-पंधरा किलोमीटर पोचतो. त्यामुळे आज बोललेले उद्या त्याच गावात जाऊन तपासता येते. बारा हजारांचे कर्ज, महिना शेकडा दोन व्याज, बारा महिन्यांची मुदत, असे सांगून मी बाराही महिन्यांचे आकडे एका दमात वाचून दाखवले होते. चार दिवसांनी खानापूर तालुक्यातल्या एका संघाच्या बैठकीत विचारले, तेव्हा तिसऱ्या महिन्यापुढचे कोणालाच आठवत नव्हते. (बचत गटाला आमच्याकडे संघच म्हणतात.)

शब्दांनीही घात केला होता. "हप्ता" म्हटले की काहींना आठवडा ऐकू येत होता, कारण कर्ज देणाऱ्या काही कंपन्यांची वसुली खरोखरच आठवड्याची असते. "साल" या शब्दाची तर सीमाभागात गंमतच आहे. मराठी कानाला ते वर्ष वाटते आणि कन्नड कानाला कर्ज. "सालाचे व्याज" असे मी सहज बोलून गेले आणि एकाच चटईवर बसलेल्या दोघी दोन निरनिराळ्या गोष्टी समजल्या. तेव्हापासून मी "साल" हा शब्द टाकला, वर्षाला वर्षच म्हणते, आणि व्याज-मुद्दल हे शब्द मात्र मुद्दाम दोन्ही भाषांत उच्चारते: व्याज म्हणजे बड्डी, मुद्दल म्हणजे असलु. बँकेच्या खिडकीवर ऐकणाऱ्या बाईला तेच शब्द ऐकावे लागतात.

दाण्यांची युक्ती त्याच बैठकीत सापडली. एक आजी पावटे निवडत बसल्या होत्या. त्यांच्यापुढचे बारा दाणे मी वाटीत टाकले आणि म्हटले, "एक दाणा म्हणजे एक हजार. वाटीतल्या प्रत्येक दाण्याचे महिन्याचे भाडे वीस रुपये." शेकडा दोन म्हणजे हजाराला वीस, एवढे एकच गणित त्यात होते. पहिल्या महिन्यात वाटीत बारा दाणे, म्हणून भाडे 240 रुपये. ते भरले, सोबत हजार रुपये मुद्दल भरले, म्हणजे एक दाणा वाटीबाहेर गेला. दुसऱ्या महिन्यात अकरा दाण्यांचे 220, तिसऱ्यात दहा दाण्यांचे 200. असे उतरत उतरत शेवटच्या महिन्यात एका दाण्याचे वीस. सगळे मिळून व्याज 1,560 रुपये होते.

आता हीच गोष्ट दुसऱ्या पद्धतीने. दाणा दर महिन्याला बाहेर जातोच, पण भाडे मात्र शेवटपर्यंत बारा दाण्यांचेच, म्हणजे दर महिन्याला 240 रुपये भरावे लागते. एकूण 2,880. दर दोन्हीकडे शेकडा दोनच बोलला जातो आणि व्याजात 1,320 रुपयांचा फरक पडतो. शेवटच्या महिन्यात वाटीत एकच दाणा असतो, आणि त्या एका हजारावर आपण 240 रुपये देतो, म्हणजे त्या महिन्यापुरते शेकडा चोवीस. आजी म्हणाल्या, "परत दिलेल्या दाण्याचं भाडं कशाला वो द्यायचं?" पुढच्या भागाची सुरुवात मी याच प्रश्नाने केली.

रेडिओवर हे जमवायला आवाज लागतो. आदल्या दिवशी आम्ही सांगून ठेवतो की उद्या बारा दाणे आणि एक रिकामी स्टीलची वाटी घेऊन बसा. कार्यक्रमात दर महिन्याला मी आधी व्याज सांगते, मग एक दाणा वाटीतून उचलून ताटात टाकते, त्याचा टण् आवाज ऐकू येऊ देते आणि चार सेकंद गप्प बसते. या शांततेवरून आमच्या ध्वनिमुद्रकाशी माझे बरेच वाजले, कारण त्याला वाटे की ऐकणारी केंद्र बंद पडले असे समजेल. परंतु तेवढ्याच वेळात तिकडे तिचा हात वाटीत जातो, आणि वाटीत किती उरले हे मी न सांगता तिला दिसते. आकडेही मी गोल निवडते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला सारखेच लागतात.

त्या भागानंतर एका संघाची सभासद आपली पासबुक घेऊन केंद्रावर आली. कर्ज बारा हजारांचे, सात हप्ते भरलेले, आणि सातही ओळींत व्याज 240. तिने भरले होते 1,680. उरलेल्या मुद्दलावर धरले असते तर सात महिन्यांचे 1,260 झाले असते. संघाची ठराववही पाहिली तेव्हा कारण कळले: "व्याज शेकडा दोन" एवढेच लिहिले होते, कोणत्या रकमेवर ते लिहिलेच नव्हते. वही लिहिणाऱ्या मुलीला दर महिन्याला एकच आकडा लिहिणे सोपे गेले, यात लबाडी काही नव्हती. तिचे म्हणणेही पोकळ नव्हते: "ताई, जास्तीचे पैसे संघातच राहतात की." राहतात खरे, पण ते कर्ज घेणारीच्या पदरचे जातात आणि जी कर्ज घेत नाही तिलाही त्यात वाटा मिळतो. अंतर्गत कर्जाचा दर आणि पद्धत संघानेच ठरवायची असते, म्हणून मी निर्णय सांगितला नाही. त्यांनी नव्या कर्जांसाठी "शिल्लक मुद्दलावर शेकडा दोन" असा ठराव केला आणि जुनी कर्जे होती तशीच ठेवली. पासबुक घेऊन आलेल्या सभासदाचे 420 रुपये परत मिळाले नाहीत, आणि तिने ते मला फोनवर स्पष्टपणे ऐकवले.

दाण्यांची रीत सगळीकडे चालत नाही. बँकेचा समान हप्ता असतो तेव्हा सुरुवातीला मुद्दल कमी आणि व्याज जास्त जाते, म्हणजे दाणा अर्धामुर्धाच हलतो. तिथे मी दुसरी कसोटी देते: हप्त्याला हप्त्यांच्या संख्येने गुणा आणि हातात प्रत्यक्ष पडलेली रक्कम त्यातून वजा करा; उरेल तो कर्जाचा एकूण खर्च. तेच बारा हजार, तोच दर, शिल्लक मुद्दलावर असेल तर हप्ता सुमारे 1,135 रुपये बसतो. कोणी 1,240 सांगितला तर तो परत दिलेल्या दाण्यांचे भाडे मागतो आहे. "हातात पडलेली" हे शब्द मी दोनदा उच्चारते, कारण विमा आणि प्रक्रिया शुल्क आधीच कापलेले असते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्ज देणाऱ्याने सगळे खर्च धरून वार्षिक दर कागदावर दाखवायचा असतो, आणि कर्जकार्डावरच्या नोंदी कर्जदाराला समजेल अशा भाषेत हव्यात. म्हणून केवळ मराठी वाचणाऱ्या सुनेने कन्नड कार्डावर अंगठ्याऐवजी सही केली, एवढ्यावर ते काम पुरे होत नाही.

सर्वांत जास्त फोन मात्र वेगळ्याच गोष्टीवर येतात: "व्याज तर दर महिन्याला भरलं की, मग दाणा का हलंना?" त्या महिन्यात मुद्दल भरलेले नसते. त्याचा एक स्वतंत्र भाग आम्ही केला आहे. त्यात ताटात टण् आवाज एकदाही येत नाही, आणि आठव्या महिन्यापर्यंत ऐकणाऱ्या बायका स्वतःच अस्वस्थ होतात.