लेकीच्या लग्नाचे पैसे वेगळे, पीएफ वेगळा

2009 च्या मे महिन्यात माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न झालं. दादा साताऱ्यातल्या एका कारखान्यात फिटर होता आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. लग्नाला चार लाख लागले. त्यातले बरेचसे त्याने पीएफमधून उचलले, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे सात वर्षं नोकरी झालेल्या माणसाला मुलांच्या लग्नासाठी स्वतःच्या हिश्श्यातली निम्मी रक्कम काढता येत होती. ती परत भरायची नसते, म्हणून कर्जापेक्षा बरी वाटते. दादा निवृत्त झाला तेव्हा हातात आलेली रक्कम घराचा स्लॅब आणि वहिनींच्या ऑपरेशनमध्ये गेली. आज त्याला महिन्याला दोन हजारांच्या आत पेन्शन मिळते. दर दिवाळीला तो माझ्याकडून औषधाचे पैसे घेतो, तेव्हा खाली मान घालून घेतो. मला ते बघवत नाही.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. त्याच पावसाळ्यात मी आणि बायकोने बसून हिशेब केला. आज चार लाख लागतात, खर्च वर्षाला सात टक्क्यांनी वाढला तर पंधरा वर्षांनी साधारण अकरा लाख लागतील. वहीचं एक पान मधोमध दुमडलं. डावीकडे लग्न, उजवीकडे म्हातारपण. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पीपीएफ उजवीकडे लिहिलं आणि ठरवलं की या बाजूचा आकडा लग्नाच्या बोलण्यात काढायचाच नाही.

पहिला प्रयत्न फसला. पगार जमा होतो त्याच बँकेत आरडी उघडली आणि सहा महिन्यांत मोटारसायकलसाठी मोडली. पैसा डोळ्यासमोर असला की तो घरखर्चाचाच वाटतो. मग दुसऱ्या बँकेत खातं काढलं, त्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही, आणि त्या खात्यातून इक्विटी म्युच्युअल फंडात महिना 2,000 रुपयांची एसआयपी सुरू केली. दर वर्षी पगारवाढ झाली की त्यात 200 वाढवायचे. मुदत पंधरा वर्षांची होती, म्हणून शेअर बाजार चालेल असं वाटलं. पाच वर्षांवर लग्न असतं तर मी हा रस्ता धरला नसता.

सोन्याचा विचार आम्ही वेगळा केला. लग्नाच्या खर्चात सोन्याचा भाव महागाईच्या कुठल्याच टक्क्यात बसत नाही, म्हणून सोन्यासाठीचा पैसा सोन्याच्या भावाशीच बांधलेला हवा. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी सुवर्णरोख्यांचा पहिला हप्ता निघाला. ग्रॅमला 2,684 रुपयांनी मी वीस ग्रॅम घेतले, म्हणजे 53,680 रुपये. आठ वर्षांनी, 2023 च्या नोव्हेंबरमध्ये 6,132 च्या भावाने 1,22,640 आले आणि त्यावर कर लागला नाही. मधल्या काळात सहामाही व्याज मिळालं ते वेगळं. सराफाकडे मात्र वीस ग्रॅमचे वीस ग्रॅम होत नाहीत. दागिना बावीस कॅरेटचा, वर बारा टक्के घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी. सगळं धरून एकोणीस ग्रॅमच्या आसपास दागिने झाले. मंगळसूत्र आणि कानातलं त्यात बसलं. असे नवे रोखे आता निघत नाहीत.

खरी भीती वाटली ती 2020 मध्ये. जानेवारीत सेन्सेक्सने 42 हजारांचा टप्पा ओलांडला होता, 23 मार्चला तो 26 हजारांच्या खाली बंद झाला. आमचे साडेसहा लाख दोन महिन्यांत सव्वाचार लाखांवर आले. लेक तेव्हा कॉलेजात होती, म्हणून वाट बघता आली आणि पैसे परत वर आले. पण त्या रात्री मनात एकच येत होतं. हेच लग्न ठरल्यावर झालं असतं तर मी पीएफचाच फॉर्म भरला असता. लग्नाचा पैसा शेवटपर्यंत बाजारात ठेवला, तर त्याच्या पडझडीची भरपाई म्हातारपणाच्या पैशातून होते, हे मला तेव्हा नीट कळलं.

म्हणून 2022 च्या मार्चपासून पैसे बाहेर काढायला लागलो. तोवर आम्ही पाच लाखांच्या आसपास भरले होते आणि त्यांचे साडेनऊ लाख झाले होते. एकतृतीयांश युनिट्स त्या मार्चमध्ये विकली, तेवढीच पुढच्या मार्चमध्ये आणि उरलेली 2024 च्या मार्चमध्ये. दर वर्षीचा एक लाखापर्यंतचा नफा तेव्हा करमुक्त होता, त्यावरच्या नफ्यावर दहा टक्के. तीन आर्थिक वर्षांत विभागल्याने ती सवलत तीनदा मिळाली. पैसे एफडीत टाकले. एसआयपी बंद करून त्याऐवजी महिना 5,000 ची आरडी चालू केली.

एफडीच्या मुदतीही खर्चाच्या तारखा बघून लावल्या. कार्यालयाचा अर्धा ॲडव्हान्स आठ महिने आधी लागतो, कापड आणि दागिने तीन महिने आधी, आचाऱ्याचे पैसे शेवटच्या आठवड्यात. माझ्या बहिणीला हे उमगलं नव्हतं. तिच्या मुलीचं सुकन्या समृद्धी खातं आहे. त्यात लग्नासाठी मुदतीआधी खातं बंद करता येतं, पण मुलगी अठरा वर्षांची झालेली असावी लागते आणि ते लग्नाच्या आधीच्या एका महिन्यापासून नंतरच्या तीन महिन्यांतच होतं. कार्यालयाच्या ॲडव्हान्ससाठी ते पैसे उपयोगी पडत नाहीत. आता ती त्यासाठी वेगळी एफडी करते आहे. माझ्या लेकीला ती योजना मिळालीच नाही. 2015 मध्ये योजना आली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, म्हणजे खातं उघडायच्या वयाच्या पुढे गेलेली.

2024 च्या ऑगस्टमध्ये बैठक झाली. लग्न फेब्रुवारीत. दोन्हीकडच्या अपेक्षा मांडल्यावर आकडा सोळा लाखांवर गेला आणि आमच्या वहीच्या डाव्या बाजूला 12 लाख 40 हजार होते. घरी आल्यावर मेव्हणा म्हणाला, "दाजी, पीएफ कशाला ठेवलाय मग? ऑनलाइन अर्ज करा, आठवड्यात खात्यावर." तो वाईट बोलला नाही, सगळेच असं करतात. मी त्याच्यासमोर हिशेब मांडला. मी बावन्न वर्षांचा, अठ्ठावन्नला निवृत्त होणार. पीएफवर 8.25 टक्के व्याज मिळतं. आज साडेतीन लाख काढले, तर निवृत्तीच्या वेळी त्याच दराने पाच लाख साठ हजार कमी मिळतील. आणि त्यानंतर माझा पगार बंद.

लेक आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, मोठ्या काकांसारखं तुमचं नको. रिसेप्शन रद्द करू." तिने स्वतःच होणाऱ्या सासूबाईंशी बोलून घेतलं. मला ते फार अवघड वाटलं होतं, पण त्यांनी ऐकून घेतलं. नऊशेची यादी साडेचारशेवर आणली, रविवारच्या मुहूर्ताऐवजी बुधवारचा घेतला, म्हणून कार्यालयही कमी भाड्यात मिळालं. शेवटी 12 लाख 90 हजार लागले. वरचे पन्नास हजार दिवाळीच्या बोनसमधून भरले.

लग्नाच्या दिवशी दादा पहिल्या रांगेत बसला होता. जेवणाच्या पंगतीत त्याने हळूच विचारलं, "पीएफ काढलास का रे?" मी नाही म्हटल्यावर त्याने माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

लग्नाची आरडी संपली, पण ते 5,000 रुपये पगारातून अजून वेगळेच निघतात. मार्चपासून ते व्हीपीएफमध्ये, म्हणजे पीएफमध्येच स्वतःहून जादा भरायच्या रकमेत जातात, वहीच्या उजव्या बाजूला.