२६ ॲम्पियर आणि हात न ठेववणारी मोटार

दुपारी ऑपरेटरचा फोन आला, "साहेब, स्क्रू कन्व्हेयरची मोटार परत ट्रिप झाली. करंट तर २६च दाखवतोय." १५ किलोवॉटची मोटार, नेमप्लेटवर २८ ॲम्पियर, ५० हर्ट्झला १४६० आरपीएम. दोन दिवसांत तिसरी ट्रिप होती आणि तिन्ही वेळा वाइंडिंगमध्ये बसवलेल्या, तापमान ओळखणाऱ्या थर्मिस्टरने मोटार थांबवली होती. मोटारीचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हचं, करंटवरून ट्रिप देणारं ओव्हरलोड संरक्षण मात्र शांत होतं.

पोचलो तेव्हा मोटारीची बॉडी १०४ अंश होती. थर्मिस्टर खोटं बोलतोय का, ही पहिली शंका. ड्राइव्ह लॉक करून केबल सोडली आणि लगेच वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजला : ०.७४ ओहम. कमिशनिंगच्या कागदावर थंड असताना, ३२ अंशांना, ०.५२ लिहिलं होतं. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो, त्यामुळे हिशेब सरळ आहे :

```
T = (0.74 / 0.52) × (235 + 32) − 235 ≈ 145
```

म्हणजे वाइंडिंगचं सरासरी तापमान १४५ अंश, एखादी जागा त्याहून गरम. एफ क्लास इन्सुलेशनची मर्यादा १५५. थर्मिस्टर खरंच बोलत होता.

फिटरचा संशय बेअरिंगवर होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. बेअरिंगने दीडशे वॉट जास्त खाल्ले तरी १५ किलोवॉटमध्ये ते एक टक्का, करंटमध्ये ते दिसणारच नाहीत. पण ते दीडशे वॉट एका छोट्या जागेत उष्णता होऊन बसतात, म्हणून बेअरिंगचं घर सगळ्यात गरम लागायला हवं. इथे उलट होतं : बेअरिंग जिथे बसतं ते पुढचं एंड शील्ड ८८, मागचं ८१, मधली बॉडी १०४. उष्णता वाइंडिंगकडून बेअरिंगकडे जात होती. बेल्ट काढून शाफ्ट हाताने फिरवला, गुळगुळीत फिरला, घरघर नाही.

मग फॅन कव्हर उघडलं. जाळीवर तेलकट धुळीचा नमद्यासारखा थर, आणि पुढच्या टोकाला फिन्सच्या खाचा बुजलेल्या. सापडलं, असं वाटलं. सगळं खरवडून साफ केलं, मोटार पुन्हा चालवली. ट्रिप थांबली, पण बॉडी ९६ अंशांवर स्थिरावली. एवढ्यावर सोडवेना.

आता हार्मोनिक्स. ड्राइव्हचं व्होल्टेज तुकड्यातुकड्यांचं असल्याने रोटर आणि लोखंडात जास्तीचा लॉस होतो, आणि तो करंटच्या आकड्यात फारसा उमटत नाही. पण हीच मोटार याच ड्राइव्हवर वर्षभर ठीक चालली होती. मग बदललं काय? ऑपरेटरला विचारल्यावर उत्तर मिळालं, "पुढचा ड्रायर हळू केलाय ना, म्हणून पंधरा दिवस आम्ही २५ हर्ट्झवर चालवतो."

तिथे मला थांबून विचार करावा लागला. भरलेल्या स्क्रूला वेग निम्मा झाला तरी टॉर्क जवळपास तेवढाच लागतो, म्हणून करंट २६च राहतो आणि तांब्यातला लॉसही तेवढाच राहतो. पण पंखा मोटारीच्याच शाफ्टवर आहे. तो निम्म्या वेगाने फिरला की हवाही साधारण निम्मीच.

पडताळणीसाठी सुपरवायझरकडून दीड तास मागून घेतला. माल बायपासला वळवून, तोच ड्राइव्ह, तीच कॅरियर फ्रिक्वेन्सी, पण वेग ५० हर्ट्झचा. करंट २६. बॉडी उतरत उतरत ७१ वर आली. एका प्रयोगात तिन्ही संशयितांचा निकाल लागला, याचं मला फार समाधान वाटलं. वेग दुप्पट झाल्यावर बेअरिंगचं घर्षण आणि लोखंडातला लॉस वाढतो, कमी होत नाही. ड्राइव्हचं तुकड्यांचं व्होल्टेजही गेलं नव्हतं. एकूण लॉस वाढूनही मोटार थंड झाली, कारण वाढलेली हवा त्याहून जास्त उष्णता नेत होती. हार्मोनिक्सने त्यात थोडी भर घातली असेल, पण मूळ कारण ते नव्हतं.

ओव्हरलोड का गप्प होता, तेही ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये सापडलं. मोटारीला स्वतंत्र ब्लोअर आहे, असं कोणीतरी निवडून ठेवलं होतं. त्यामुळे कमी वेगात ड्राइव्ह करंटची परवानगी खाली आणतच नव्हता. ते त्याच दिवशी 'स्वतःचा पंखा' असं केलं. मग २५ हर्ट्झला २६ ॲम्पियरवर ड्राइव्हनेच ट्रिप दिली, जी द्यायलाच हवी होती. प्लँटच्या शटडाउनपर्यंत मागे वेगळा ब्लोअर लावला, तो बंद पडला तर मोटारही बंद पडेल अशा इंटरलॉकसकट, आणि तो चालू असेपर्यंतच सेटिंग परत ब्लोअरचं ठेवलं.

शटडाउनमध्ये पुली बदलल्या. स्क्रूचा वेग तोच, पण मोटार ४४ हर्ट्झवर. टॉर्क कमी लागल्याने करंट १८ ॲम्पियरच्या आसपास आला. ब्लोअर काढला, सेटिंग पुन्हा 'स्वतःचा पंखा'. आठवड्याने गेलो तेव्हा बॉडीवर तळहात ठेवला आणि आरामात ठेवू शकलो.